सांध्याच्या तीन बोटं खाली

साताऱ्याच्या शनिवार पेठेतलं जुनं घर. लाकडी जिना, पायऱ्या चांगल्या उंच. चोपन्न वर्षांच्या मावशी धुण्याची बादली घेऊन वर निघाल्यात. डावा पाय वरच्या पायरीवर ठेवून अंग उचललं, की कठड्यावरची पकड घट्ट होते.

दासनवमीला सज्जनगड चढून आल्या, तेव्हापासून डाव्या गुडघ्याचं हे दुखणं सुरू आहे. एक्स-रेत थोडी झीज दिसली आणि घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, "वंगण संपलं."

फिजिओथेरपिस्ट मात्र फोटो बाजूला ठेवतात. "मावशी, एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं दुखतंय?"

मावशींचं बोट गुडघ्यावर टेकत नाही. ते आतल्या बाजूनं खाली, नडगीच्या हाडावर जातं. "हितंच."

आता नीट बघा. गुडघा काटकोनात वाकवून आतल्या बाजूला चाचपलं, की मांडीचं आणि नडगीचं हाड जिथं भेटतं तिथं एक खाच लागते. तो सांधा. झिजेचं दुखणं बहुधा त्या खाचेवर दाबल्यावर कळतं. सकाळी उठल्यावर गुडघा थोडा वेळ आखडतो, वाकवताना करकरतो, कधी सुजतो, पुरता वाकत नाही. मावशींची खाच दाबली तर दुखत नाही, गुडघाही पूर्ण वाकतो. तिथून तीन बोटं, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर खाली दाबलं, की त्या पाय ओढून घेतात.

मांडीतून उतरणाऱ्या तीन स्नायूंच्या कंडरा इथं एकत्र येऊन हाडाला चिकटतात. त्यांचा आकार हंसाच्या पावलासारखा, म्हणून लॅटिनमध्ये नाव पडलं पेस अँसेरिनस. कंडरा हाडावर घासू नयेत म्हणून खाली द्रवाची पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. पायरी चढताना, खुर्चीतून उठताना कंडरा ताणतात आणि सुजलेली पिशवी चेपली जाते. रात्री कुशीवर झोपल्यावर गुडघ्यावर गुडघा आला, तरी तीच कळ.

ही पिशवी एक्स-रेत दिसत नाही, झीज दिसते. आणि झिजलेल्या गुडघ्याला हा त्रास जास्त होतो, म्हणून दोन्ही एकत्र असू शकतात. फोटोतल्या झिजेवरच बोट ठेवून थांबलं, की बरं होण्यासारखं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. मला याचंच फार वाईट वाटतं.

मावशींना सांगितलंय ते असं: काही आठवडे जिन्याच्या खेपा कमी. दुखऱ्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. मांडीच्या मागचे स्नायू ताणायचे, पुढचे बळकट करायचे. एवढ्यानं भागलं नाही, तर डॉक्टर त्या पिशवीपाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. मावशींना मधुमेह आहे, इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती तपासत राहावी लागेल.

पडल्यानंतर दुखू लागलं, गुडघा मध्येच अडकला, किंवा जागा लाल होऊन ताप आला, तर घरी बर्फ लावत बसायचं नाही. डॉक्टर गाठायचे.

सहावा आठवडा. तोच जिना. बादली आता सून नेते. मावशी मागून चढतात, आणि डाव्या पायावर अंग उचलताना हात कठड्यावर नुसता टेकलेला असतो.