टिक कशाची मारली? ऑडिट फर्ममधलं पहिलं वर्ष

नमस्कार मंडळी. ऑडिट फर्ममध्ये नवीन लागलेली किंवा लागणार असलेली जी मुलं-मुली आज ऐकतायत त्यांच्याशी थोडं बोलायचंय. आणि त्यांच्या घरच्यांशीही, कारण "दिवसभर नक्की करतोस काय?" हा प्रश्न घरून येतोच, आणि त्याचं धड उत्तर ट्रेनीलाही देता येत नाही.

पहिल्या वर्षी वाट्याला येणारी कामं साधारण ठरलेली असतात. व्हाउचर तपासायची, बँकेचं रिकन्सिलिएशन बघायचं, गोडाऊनमध्ये उभं राहून माल मोजताना बघायचं, पत्रं पाठवायची, बेरजा जुळवायच्या. ही कामं हलकी समजू नका, वरच्या लोकांचा सगळा रिपोर्ट शेवटी तुमच्या टिकांवर, म्हणजे 'हे तपासलं' म्हणून केलेल्या खुणांवर उभा असतो. पण टिक मारताना आपण नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय हे बऱ्याच जणांना वर्ष संपेपर्यंत कळत नाही, आणि माझ्या मते पहिल्या वर्षात शिकायची मुख्य गोष्ट हीच. म्हणून आज सगळं न सांगता एकच काम घेते, डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं असलेले पैसे. उदाहरण मी बनवलेलं आहे, पण अशा केसेस रोज समोर येतात.

समजा क्लायंट मालाची विक्री करतो आणि त्याच्या अकाउंटंटने तुम्हाला एक्सेलमध्ये डेटर्सची यादी दिली. नवीन ट्रेनी लगेच यादीतून नावं निवडायला बसतो. थांबा. आधी बेरीज स्वतः करा, कारण यादीतल्या शेवटच्या ओळीत सूत्र आहे की नुसता टाइप केलेला आकडा आहे हे सेलवर क्लिक केल्याशिवाय कळत नाही. मग ती बेरीज ट्रायल बॅलन्सला, म्हणजे वहीतल्या सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्याला लावा. आपल्या उदाहरणात यादी येते 48 लाख 60 हजार आणि ट्रायल बॅलन्स म्हणतो 47 लाख 70 हजार. 90 हजारांचा फरक. अकाउंटंटला विचारलं तर तो म्हणतो, एका पार्टीने अॅडव्हान्स दिलाय, तिचं खातं उलटं होतं म्हणून यादीतून काढलं. लबाडी काही नाही, त्याला यादी नीट दिसायला हवी होती एवढंच. पण ते 90 हजार क्लायंटचं देणं आहे, ते येण्यातून वजा करून दाखवायचे नसतात, देण्याच्या बाजूला वेगळे दाखवायचे असतात. म्हणजे अजून एकही बिल उघडलं नाही आणि एक मुद्दा हातात आला. आणि आता तुम्हाला हेही माहीत झालं की ही यादी कोणीतरी हाताने साफ केलेली आहे, तेव्हा ती पुन्हा थेट सिस्टिममधून काढून घ्या, शक्यतो तुमच्या डोळ्यांसमोर.

त्यानंतर निवड. मोठी खाती घ्यायची हे सगळ्यांना सुचतं. जुनी थकलेली, वर्षअखेरीला अचानक फुगलेली, हीही घ्या, आणि बाकीच्यांतून काही कुठलाही नेम न धरता उचला. सोपी म्हणून, किंवा फाइल समोरच पडलीय म्हणून निवडलेलं सॅम्पल काही कामाचं नाही, सीनियरला ते एका नजरेत कळतं.

निवडलेल्या पार्ट्यांना कन्फर्मेशनची पत्रं जातात, म्हणजे तुमच्याकडे क्लायंटचं येणं किती आहे ते लिहून कळवा, असं विचारणारी. याला आंतरराष्ट्रीय ऑडिटिंग स्टँडर्ड्समध्ये 505 नंबरचं वेगळं स्टँडर्डच आहे, आणि त्याचा गाभा असा की पत्रावर सही क्लायंटची असली तरी पत्राचा ताबा ऑडिटरकडे हवा. पत्ता आपण तपासायचा, पाठवायचं आपण, आणि उत्तर थेट आपल्याकडे यायला हवं. इथे ट्रेनी हमखास घसरतो, कारण अकाउंटंट प्रेमाने म्हणतो, द्या इकडे, आमची सगळी पत्रं जातातच आहेत, सोबत टाकतो. दिलीत की संपलं, त्या उत्तराची किंमत निम्म्याने कमी झाली. उत्तर क्लायंटच्या हातून आलं, किंवा ज्या ईमेलवरून आलं तो त्या कंपनीचा वाटतच नाही, तर ते फाइलला लावून मोकळं व्हायचं नसतं, सीनियरला सांगायचं असतं. आणि उत्तर आलंच नाही तर आधी स्मरणपत्र, मग दुसरा रस्ता: वर्ष संपल्यावर त्या पार्टीचे पैसे बँकेत आले का, आले तर नेमक्या कुठल्या बिलाचे आले, आणि नसतील आले तर बिल आणि माल पोचल्याची सही बघायची.

आता त्यातल्याच एका पार्टीकडे या. वहीत तिचं येणं 6 लाख 40 हजार, आणि पार्टी लिहून कळवते 5 लाख 20 हजार. फरक 1 लाख 20 हजार. अकाउंटंट म्हणणार "त्यांच्याकडे एन्ट्री राहिली असेल". असेलही, पण 'असेल' ला टिक नसते. पार्टीकडून त्यांच्या खात्याचा उतारा मागवा आणि ओळीला ओळ लावत जा. लावल्यावर दोन गोष्टी उरतात. एक 45 हजारांचा चेक, पार्टीने वर्षाच्या शेवटच्या दिवशी पाठवला आणि क्लायंटने नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी बँकेत भरला. नवीन वर्षाचं बँक स्टेटमेंट उघडा, 45 हजार जमा झालेले दिसतात, झालं, ही नुसती वेळेची तफावत, वही बरोबर आहे.

दुसरं आहे 75 हजारांचं बिल. वहीत तारीख वर्षाच्या शेवटच्या दिवसाची. पार्टीच्या उताऱ्यात ते नाहीच. मग बिलाच्या मागचं डिलिव्हरी चलान काढा, आणि पार्टीच्या गोडाऊनचा शिक्का आणि सही चौथ्या तारखेची निघते. आता ट्रेनी उड्या मारतो, सापडली चूक! जरा दमाने घ्या. आधी ऑर्डर वाचा. माल क्लायंटच्या दारातून निघाला की गिऱ्हाइकाचा, असा व्यवहार ठरला असेल तर क्लायंटची एन्ट्री बरोबर आहे, पार्टीला माल मिळायचा होता म्हणून तिच्या वहीत नाही. आपल्या केसमध्ये ऑर्डरवर लिहिलंय की माल पार्टीच्या गोडाऊनला पोच द्यायचा आणि तोवरची जबाबदारी विकणाऱ्याची. म्हणजे ती विक्री पुढच्या वर्षाची. विक्री आणि येणं, दोन्ही 75 हजारांनी जास्त दाखवलंय.

इतक्यावर थांबाल तर काम अर्धंच झालं. तो माल शेवटच्या दिवशी गाडीत होता, म्हणजे गोडाऊनमधल्या मोजणीतही आला नाही. विक्री मागे घेतली तर माल क्लायंटचाच, तो स्टॉकमध्ये धरायला हवा. त्याची कॉस्ट 60 हजार असेल तर स्टॉक तेवढ्याने वाढेल, आणि नफा कमी होईल फक्त 15 हजारांनी. एन्ट्रीची दुसरी बाजू कुठे गेली हे आपणहून शोधणारा ट्रेनी मला फार क्वचित भेटतो, आणि भेटला की त्याला पुढचं काम आपोआप चांगलं मिळतं.

मग सीनियर विचारणारच, असं एकच आहे की अजून आहेत? इथे दिशेचा मुद्दा येतो, कान देऊन ऐका. वहीतली एन्ट्री घेऊन कागदाकडे गेलात तर तुम्ही विचारताय, हे खरंच घडलं का, आणि याच वर्षी घडलं का. आपल्याला हेच हवंय, म्हणून वर्षाच्या शेवटच्या चार-पाच दिवसांची बिलं वहीतून घ्या आणि प्रत्येकाचं पोच झालेलं चलान बघा. नवीन वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या क्रेडिट नोटा, म्हणजे आधीचं बिल रद्द किंवा कमी केल्याचे कागद, हेही चाळा, कारण शेवटच्या दिवशी फुगवलेली विक्री बऱ्याचदा तिथे गुपचूप परत फिरते. पण एखादी विक्री वहीत आलीच नाही का, हे वहीत बघून कधीच सापडणार नाही, जे लिहिलंच नाही ते वहीत कसं दिसेल? तिथे उलटं जायचं, चलानबुकापासून सुरुवात करून वहीकडे. नंबर ओळीने बघा, 823 आहे, 825 आहे, 824 कुठे? "कॅन्सल झालं" असं उत्तर आलं तर कॅन्सल केलेली प्रत दाखवायला सांगा. दोन्ही दिशांच्या टिका कागदावर सारख्याच दिसतात, पण उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची देतात.

हे सगळं लिहिणं हे वेगळं कौशल्य, आणि तिथे मात्र बहुतेकांचा कंटाळा दिसतो. "बिलं चेक केली, ओके" हे वाक्य वर्किंग पेपरवर, म्हणजे आपण केलेल्या तपासणीच्या नोंदीच्या कागदावर, असून नसून सारखं. त्याऐवजी असं लिहा: वर्षातल्या शेवटच्या पाच दिवसांची सगळी बिलं सेल्स रजिस्टरमधून घेतली, प्रत्येकाची चलानावरची पोच तारीख बघितली, अमुक नंबरचं बिल सोडून सगळी पोच वर्ष संपायच्या आत, त्या बिलाचा फरक 75 हजार, ऑर्डरची प्रत सोबत जोडलीय. खाली नाव, तारीख, आणि कुठली टिक म्हणजे काय हे लिहिलेलं. आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड 230 ची अपेक्षा अशी की या ऑडिटशी आधी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरलाही कागद वाचून कळावं की काय केलं, काय सापडलं आणि निष्कर्ष काय. तुम्ही शेजारी बसून समजवायला नसणार हे धरूनच लिहायचं.

एक्सेलचं थोडक्यात सांगते. व्हीलूकअप, सम-इफ्स, पिव्होट आणि फिल्टर एवढं हाताला बसलं की पहिलं वर्ष निघतं. पण क्लायंटच्या मूळ फाइलमध्ये काम करू नका, कॉपी घ्या, आणि पार्टीचं नाव दोन ठिकाणी वेगळं टाइप झालं असेल तर व्हीलूकअप ते सोडून देतो हे लक्षात ठेवा, 'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं धरू नका.

आणि अकाउंटंटशी बोलणं. तो स्वतःचं काम सांभाळून तुम्हाला कागद देतोय. दर दहा मिनिटांनी एक प्रश्न घेऊन गेलात तर चिडणारच, म्हणून प्रश्न साठवा आणि एकदम बसा. "हे बरोबर आहे ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर एकच, हो. "हा माल कुठल्या गाडीने गेला, पोच घेऊन कोण आलं, ती फाइल कुठे असते?" असं विचारा. मग कागद निघतात. तो म्हणेल, अहो चार दिवसांचा तर फरक, माल गेला की नाही शेवटी? वाद घालू नका. एन्ट्री बदलायची की नाही हे तुम्ही ठरवायचं नाहीये. सीनियर तो आकडा बाकीच्या सापडलेल्या फरकांसोबत एका यादीत टाकतो, सगळे एकत्र मिळून केवढे होतात ते बघतो, आणि क्लायंटच्या वरच्या लोकांशी बोलतो. त्या यादीतली तुमची ओळ मात्र अशी हवी की कोणी "हे कुठून आलं?" विचारलं तर सीनियरला तुम्हाला फोन करावा लागू नये.