चवथीच्या सेलचं पत्र मेंबरांना कसं लिहायचं

नमस्कार मंडळी! फोंड्यात आमचं साड्यांचं दुकान आहे, आणि चवथीआधी मेंबरांना आभाराचं जे पत्र पाठवते ते कसं लिहिते ते आज दाखवते, कारण गेल्या वर्षी तेच माझं चुकलं होतं.

तेव्हा लिहिलं होतं, 'लाडक्या मेंबरांना सेलमध्ये सगळ्यांच्या आधी एंट्री, लवकर या!' झालं, एवढंच. एक काकी सकाळी साडेआठला आल्या, शटर बंद, आम्ही उघडतो साडेनऊला. बरं थांबल्या बिचाऱ्या, आत आल्या, तर शेजारी उभ्या असलेल्या नवीन गिऱ्हाइकालाही तीच साडी त्याच भावात! काकी काही बोलल्या नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं.

आता यंदाचं वाचते, ऐका.

'काकी, नमस्कार. गेल्या चवथीला सुनेसाठी हिरवी इरकल नेलीत, नंतर दोनदा आलात, मनापासून आभार. मेंबरांसाठी सेल गुरुवार 3 आणि शुक्रवार 4 सप्टेंबरला, सकाळी साडेनऊ ते रात्री आठ. सुती साड्यांवर 20 टक्के सूट, पैठणी यात नाही. बाकीच्यांसाठी शनिवारपासून. काउंटरवर फक्त मोबाईल नंबर सांगा. चवथीच्या शुभेच्छा!'

बघा, आभार आधी, आणि ते बिलाच्या वहीतनं काढलेले. सगळ्यांना असं एकेक लिहिणं जमत नाही, म्हणून नेहमीच्या चाळीसेक जणींना त्यांची स्वतःची ओळ आणि बाकीच्यांना 'यंदा तीनदा आलात' एवढं तरी खरं.

तारीख 3 का? चवथ 14 ला, त्याआधीच लोक मूळघरी जायला निघतात, आणि ब्लाउज शिवायला टेलरला आठवडा तरी लागतो, मग दहा तारखेला सेल लावून काय उपयोग? पैठणीचं पण पत्रातच सांगायचं, काउंटरवर कळलं की माणूस दुखावतो.

आणि एक, आधी बोलावता तर माल खरंच आधी द्या. आम्ही सेलचा निम्मा माल मेंबरांसाठी आत वेगळा ठेवतो आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत सेलचा बोर्ड बाहेर लावत नाही.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर सांभाळा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मेसेज इन्फो उघडून बघते, कुणाला पोचला नाही ते, आणि मग त्यांना फोन करते, आधी आभार आणि मग तारीख, पत्रात आहे त्याच क्रमाने.