मोजलेली किंमत आणि लोकांच्या लेखी किंमत
(कोल्हापुरात वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

चप्पल लाइनमध्ये हजार-दीड हजारात चांगलं कोल्हापुरी पायताण मिळतं. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये तसल्याच घाटाच्या चपला दिसल्या. कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, त्यामुळे गदारोळ झाला. डिसेंबरमध्ये प्राडाने महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घ्यायचे आणि एक जोड साधारण ८०० युरोंना, म्हणजे ८० हजारांच्या वर विकायचा, असं ठरलं. यावर गावात ऐकू येणारी प्रतिक्रिया ठरलेली आहे: "चामडं तेच, वादी तीच, मग येवढं पैसं कशाचं?"

प्रश्न बरोबर आहे, पण त्यातून आपल्या विषयाचं उत्तर निघत नाही. चामडं वेगळं असतं म्हणून किंमत जास्त, असं असतं तर हा विषय अर्ध्या पानात संपला असता. आपल्याला समजून घ्यायचंय ते हे, की किंमत जास्त आहे *म्हणूनच* काही जणांना ती वस्तू हवीशी का होते.

थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली, हे तुम्हाला पाठ असतं. उत्तरपत्रिकेत व्हेब्लेनचं नाव येतं, वर चढणारी मागणीची रेषा येते आणि उत्तर संपतं. खरी गंमत १९५० मध्ये हार्वे लायबेनस्टाइनने दाखवली आणि तीच नेमकी गाळली जाते. तो म्हणाला, अशा वस्तूला दोन किमती असतात. एक तुम्ही गल्ल्यावर मोजलेली. दुसरी, तुम्ही किती मोजले असतील असं बघणाऱ्याला वाटतं ती. हिला आपण लोकांच्या लेखी किंमत म्हणू. खिशाला पहिली झळ लावते आणि मिरवायला दुसरी कामाला येते.

हे आकड्यांनी बघू. आकडे समजुतीपुरते आहेत, कुठल्या दुकानाचे नाहीत. समजा एका दुकानात खास घडणीची चप्पल आहे. तिची किंमत पाच हजार आहे आणि गावालाही ती पाच हजारांचीच म्हणून ठाऊक आहे. महिन्याला १०० जोड खपतात. आता दुकानदाराने किंमत दहा हजार केली, पण गावाला याचा पत्ता नाही, लोक अजून तिला पाच हजारांचीच समजतात. मग घेणारा कशाला दुप्पट मोजेल? खप ४० वर येतो. हा निव्वळ किंमत परिणाम: ६० जोड घटले. आता ही चप्पल दहा हजारांची आहे हे गावभर झालं. रंकाळ्यावर फिरताना चार लोक पायाकडे बघू लागले. खप ४० वरून १३० वर गेला, म्हणजे ९० जोड वाढले. हा व्हेब्लेन परिणाम. साठ गेले, नव्वद आले. हाती राहिले तीस, आणि तेवढ्यानेच रेषा वर चढलेली दिसली.

म्हणजे मागणीचा नियम कुठे मोडलेला नाही. लोकांच्या लेखी किंमत एका जागी धरून ठेवलीत तर मोजायची किंमत वाढल्यावर खप घटतोच. वर चढणारी रेषा ही अशा वेगवेगळ्या उतरत्या रेषांवरचा एकेक बिंदू जोडून तयार होते. "श्रीमंतांना स्वस्त नको असतं" हे वाक्य म्हणून चुकीचं आहे. त्यांनाही स्वस्त हवं असतं, फक्त ते स्वस्तात मिळालंय हे इतरांना कळायला नको असतं.

आता पुढची पायरी. किंमत दहाची वीस हजार केली. लोक अजून दहाच समजत असताना खप ३५ वर येईल, ९५ घटतील. वीस हजारांची बातमी फिरल्यावर फक्त २५ वाढतील, कारण एवढं परवडणारे मुळात गावात थोडे. खप ६० वर थांबला. रेषा आता खाली वळली. वर चढणारा भाग कायम टिकत नाही, तो दोन उतारांमधला एक चढ असतो.

या चढावर कंपनी थांबेल का, हे मात्र फार कमी जण विचारतात. एका जोडाला दीड हजार खर्च धरा. पाच हजारांना १०० जोड विकून नफा साडेतीन लाख. दहा हजारांना १३० जोड, नफा ११ लाख ५ हजार. वीस हजारांना फक्त ६० जोड, पण नफा ११ लाख १० हजार. किंमत वाढवल्यावर खपही वाढतोय तोवर शहाणा विक्रेता ती वाढवतच राहणार. म्हणजे तो शेवटी सापडणार चढापलीकडच्या उतारावरच. म्हणूनच प्रत्यक्षातल्या विक्रीच्या आकड्यांमध्ये वर चढणारी रेषा क्वचित दिसते. "कंपनीने भाव वाढवले आणि विक्री घटली, म्हणजे व्हेब्लेन परिणाम नाही" असा निष्कर्ष कोणी काढला तर तो कच्चा आहे. तो परिणाम नसता तर विक्री किती जास्त घटली असती, हे विचारायला हवं. आपल्या उदाहरणात ६० ऐवजी ३५.

दोन किमती वेगळ्या केल्या की या धंद्यातल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टी आपोआप उलगडतात. दहा हजारांची चप्पल दुकानदाराने गुपचूप पाच हजारांना दिली, तर पहिले काही महिने चांदीच चांदी. लोकांच्या लेखी दहा आणि मोजायचे पाच, समजा २४० जोड खपले. पण गुपित किती दिवस टिकणार? वाऱ्यासारखी बातमी पसरते, लोकांच्या लेखीही ती पाच हजारांची होते आणि खप परत १०० वर येतो. आता पाटीवर पुन्हा दहा हजार लिहिले तरी १३० चे गिऱ्हाईक लगेच परत येत नाही. पाटी एका रात्रीत बदलते, समजूत बदलायला वर्षं जातात. तोवर दुकानदार ४० जोडांवर बसून राहतो. सेलची पाटी लावण्यापेक्षा माल जाळलेला परवडला, असं एखाद्या कंपनीला का वाटतं ते इथे कळतं. बर्बेरीने २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात दोन कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. लोक संतापले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केल्याचं जाहीर केलं. नकली मालाचा धंदाही याच फटीत चालतो. तिथे मोजायचे पाचशे आणि लोकांच्या लेखी पन्नास हजार, निदान जवळून कोणी बघेपर्यंत.

आता बघणाऱ्याकडे वळू, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. त्याला खूण वाचता आली पाहिजे. करकर वाजणारं कापशी पायताण घ्या. माणूस कोपऱ्यावर दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो आणि आवाजावरून जोड कसला आहे हे जाणकाराला कळतं. तोच जोड पुण्याच्या एखाद्या आयटी कंपनीत घालून गेलात तर तिथे ती नुसती वाजणारी चप्पल. खूण तीच आहे, वाचणारा बदलला. मोठे ब्रँड यावर दोन तऱ्हेने उपाय करतात. ज्यांना परक्या माणसालाही कळवायचंय त्यांच्यासाठी लांबून वाचता येईल असं ठळक नाव. आणि ज्यांना फक्त आपल्या बरोबरीच्यांना कळवायचंय त्यांच्यासाठी शिलाईची ढब, कडी, चामड्याचा पोत. हान, न्युनेस आणि द्रेझ या तिघांच्या २०१० च्या अभ्यासात गुच्ची आणि लुई व्हिताँच्या पिशव्यांबद्दल असं आढळलं, की नाव जितकं ठळक तितकी किंमत साधारणपणे *कमी*. सगळ्यात महाग पिशवी सगळ्यात गप्प असते.

उत्तरपत्रिकेत व्हेब्लेन परिणामाशी तीन गोष्टींची सरमिसळ होते, ती तेवढी टाळा. गिफेन वस्तू म्हणजे गरिबाच्या ताटातली भाकरी. ती महागली की वरचं कालवण परवडेनासं होतं, म्हणून भाकरीच जास्त खावी लागते. तिथे मिरवण्याचा संबंध नाही. दुसरी, किमतीवरून दर्जा ताडणं. २००८ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात एकच वाइन दहा डॉलरची आणि नव्वद डॉलरची म्हणून पाजली. नव्वदची म्हटल्यावर ती लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी जोडलेल्या भागातही जास्त हालचाल दिसली. पण तिथे बघणारं कोणी नव्हतं, म्हणून तो व्हेब्लेन परिणाम नव्हे. ओळखायची कसोटी सोपी आहे. घरात, कोणाच्या नजरेस न पडता वापरायची असती तरी त्या माणसाने तेवढेच पैसे मोजले असते का? हो असेल तर तो दर्जाचा विश्वास. नाही असेल तर ती मिरवण्याची किंमत. तिसरी चूक खास आपल्याकडची: सोनं. भाव चढला की गुजरीत गर्दी होते, हे उदाहरण हमखास लिहिलं जातं. ती गर्दी उद्या भाव आणखी वाढेल या अंदाजाची असते. कोल्हापुरी साज घेणारी बाई मजुरीवर घासाघीस करते आणि मोडीत किती येतील ते आधी विचारते. पैसे परत येणार असतील तर ती उधळपट्टी नाही, आणि उधळपट्टी नसेल तर खुणेत जोर नाही.

खुणेत जोर येतो तो ती सगळ्यांना सारखी परवडत नाही म्हणून. महिना दहा लाख मिळवणाऱ्याला ८० हजारांचा जोड म्हणजे अडीच दिवसांची कमाई, चाळीस हजारवाल्याला दोन महिन्यांची. पण हप्त्यावर, हौसेखातर वर्षातून एकदा घेणाऱ्या मधल्या वर्गावरही हा धंदा बराच उभा असतो. किंमत ताणली की आधी तोच तुटतो. बेन या सल्लागार कंपनीने २०२४ च्या शेवटी सांगितलं, की आधीच्या दोन वर्षांत आलिशान वस्तूंच्या बाजाराने जगभरात सुमारे पाच कोटी गिऱ्हाइकं गमावली.

मग चप्पल लाइनमधल्या कारागिराने पाटीवर दीड हजाराऐवजी पंधरा हजार लिहिले तर? काही होणार नाही. तो फक्त मोजायची किंमत वाढवेल; लोकांच्या लेखी कोल्हापुरी ती हजार-दीड हजारांचीच, कारण शेजारच्या दहा दुकानांत ती त्या भावात टांगलेली आहे. आपल्या उदाहरणातल्या ४० जोडांच्या जागी तो जाऊन बसेल. प्राडा दुसरी किंमत आधीच कमावून आली आहे, आणि दोन हजारांपेक्षा जास्त जोड बनणार नाहीत हे सांगून तिने ती राखलीही आहे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. आता लिडकॉमने अस्सलपणासाठी क्यूआर कोडही आणला. तो उपयोगी आहे, पण कोणासाठी ते बघा. कोड स्कॅन करतो तो विकत घेणारा, हातात जोड घेऊन. समोरून येणारा माणूस कोणाच्या पायाला मोबाइल लावत नाही. त्याला चार पावलांवरून दिसतात ते कान, वेणी आणि अंगठा, आणि ते नकली जोडालाही असतात.