चाल, वेग आणि आठवण : आढाव्याची बांधणी कशी करावी

विद्यार्थी मित्रांनो, ‘संगीत आणि स्मृती’ या विषयावरच्या तुमच्या आढाव्यांचे कच्चे आराखडे मी वाचले. बहुतेकांनी एका परिच्छेदात एक शोधनिबंध मांडून पुढच्या परिच्छेदात दुसऱ्याकडे वळणे पसंत केले आहे. अशा मांडणीत निबंध एकमेकांशी बोलत नाहीत आणि वाचकाच्या हाती केवळ यादी येते. शिवाय अनेकांनी रौशर आणि सहकाऱ्यांचा १९९३ मधील मोझार्टवरचा प्रयोग आरंभी घेतला आहे. त्यात अवकाशीय तर्कक्षमता मोजली होती, स्मृती नव्हे, म्हणून त्याला या आढाव्यात मुख्य जागा देता येणार नाही.

पहिल्या वर्षाच्या परिसंवादासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: चालीवर म्हटलेले शब्द नुसत्या बोललेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहतात का? वॅलेस यांच्या १९९४ च्या प्रयोगांत अनेक कडव्यांना तीच चाल लावली, तेव्हा गायलेला मजकूर अधिक आठवला. मात्र एकच कडवे ऐकवल्यावर बोललेला मजकूर सरस ठरला. म्हणजे चाल आधी स्वतः ओळखीची व्हावी लागते, मगच ती शब्दांना आधार देते. पुढे किलगोर, जेकबसन आणि कडी यांनी २००० साली विचारले की हा लाभ चालीचा आहे की गाण्याच्या संथ वेगाचा? गायलेल्या आणि बोललेल्या मजकुराचा वेग सारखा केल्यावर गाण्याचा लाभ उरला नाही.

हे दोन निबंध एकाच परिच्छेदात, ‘चाल की वेग’ या उपशीर्षकाखाली यायला हवेत, कारण दुसरा पहिल्याच्या निष्कर्षाला अट घालतो. तुमचे वाक्य साधारण असे होईल: ‘चालीच्या पुनरावृत्तीने स्मरण सुधारते असे वॅलेस दाखवतात, परंतु किलगोर आणि सहकाऱ्यांच्या निष्कर्षामुळे या लाभात संथ वेगाचा वाटा किती, हे तपासावे लागते.’

याच जागी सर्वाधिक घसरण होते, ती म्हणजे मोजमाप न पाहण्याची. सिमन्स-स्टर्न आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांनी गायलेल्या ओळी बोललेल्या ओळींपेक्षा अधिक ओळखल्या, तर निरोगी वृद्धांत असा फरक आढळला नाही. तेथे ओळखणे मोजले होते, वरील दोन अभ्यासांत आठवून सांगणे. म्हणून तिसऱ्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा आणि पहिल्याच ओळीत हा फरक लिहावा. वाचताना टिपणवहीत प्रत्येक निबंधासमोर ‘कोण सहभागी, काय ऐकवले, काय मोजले’ असे तीन रकाने आखले, तर हा घोटाळा कागदावरच दिसतो.

शेवटचा परिच्छेद उणिवेचा. कानबाईच्या उत्सवात आपल्या आया-आजी अहिराणी गाणी हाती कागद न धरता म्हणतात, हे तुम्ही पाहिलेले आहे. ते पुरावा म्हणून देऊ नका. परंतु वर्षानुवर्षे समूहात म्हटलेली गाणी आणि प्रयोगशाळेत एका बैठकीत ऐकवलेली नवी कडवी यांतले अंतर या तीन अभ्यासांनी भरून निघत नाही, एवढे नेमके वाक्य तेथे लिहा.