लेओव्हर मोजण्याआधी पीएनआर बघा

समजा, नागपूरहून दुबईला निघालात आणि मुंबईत विमान बदलायचं आहे. पहिलं विमान ७:४० ला मुंबईत उतरतं, दुबईचं १०:२५ ला सुटतं. मधले पावणेतीन तास म्हणजे लेओव्हर. हा वेळ पुरेल का, हे घड्याळापेक्षा तिकिटावर ठरतं.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील, तर नागपूरलाच बॅगेला टॅग लागतो. त्यावर दुबईचं DXB छापलंय ना, ते काउंटर सोडण्याआधी वाचा. BOM असेल तर बॅग मुंबईतच उतरणार, तिथेच विचारा. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते.

आता स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, असं धरू. पहिलं विमान दीड तास उशिरा, म्हणजे ९:१० ला उतरलं. पट्ट्यावरून बॅग मिळेपर्यंत पावणेदहा. आंतरराष्ट्रीय काउंटर सहसा तासभर आधी, म्हणजे ९:२५ लाच बंद होतो. दुबईचं विमान अजून धावपट्टीवर गेलेलंही नाही, पण कंपनीच्या लेखी तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे आलेच नाहीत. पहिल्या कंपनीला दुसऱ्या तिकिटाशी देणंघेणं नसतं. म्हणून वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील, तर मध्ये पाच-सहा तास तरी ठेवा.

परतताना आणखी एक गोष्ट. कस्टम्स मुंबईतच होतं, त्यामुळे टॅगवर NAG असलं तरी सहसा बॅग तिथे उचलून पुन्हा द्यावी लागते.

विमान परदेशात बदलायचं असेल तर ‘ट्रान्झिट’ हा शब्द येतो. म्हणजे त्या देशात न शिरता विमानतळाच्या आतूनच पुढे जाणं. पण वेगळ्या तिकिटांमुळे बॅग घ्यायला इमिग्रेशनबाहेर पडावं लागलं, की तो प्रवेश झाला. त्याला बऱ्याच देशांत व्हिसा लागतो. काही देश तर आत थांबायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतात. तिकीट काढण्याआधीच हे तपासा, नाहीतर पहिल्याच विमानतळावर अडवतात.

विमान चुकलं तर पैशांचं काय? भाड्यात मूळ भाडं, इंधन शुल्क आणि वर विमानतळाचे शुल्क-कर असतात. नो-शो झाल्यावर पहिले दोन बहुधा बुडतात. भारतीय कंपनीचं तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, तरी न वापरलेले विमानतळ शुल्क आणि सरकारी कर परत मिळायला हवेत. लोक ते मागतच नाहीत!

आणि पुढचं विमान भरलेलं असेल, तर वेटलिस्ट. इथे रेल्वेची सवय विसरा. आरएसी नाही, उभ्याने जाणं नाही. कुणी आलं नाही तरच जागा, तीही काउंटर बंद होताना कळते. तोवर बॅग जवळ ठेवून तिथेच थांबायचं. चहाला गेलात आणि नाव पुकारलं, तर पुढच्याला देतात.