अपवर्कवर एस्क्रोतले पैसे: १४ दिवस, ७ दिवस आणि ३० दिवस

नमस्कार मंडळी. सोलापुरात आज घरबसल्या परदेशातल्या कंपन्यांना टॉवेलची, चादरीची, बेडशीटची डिझाइनं करून देणारी बरीच मुलंमुली आहेत. काम हातात असतं, पैसे मात्र अडकतात. आणि बहुतेक वेळा ते क्लायंट फसवा होता म्हणून अडकत नाहीत. आपण चुकीचं बटण दाबलेलं असतं, किंवा दाबायचं ते बटण दाबलेलंच नसतं, म्हणून अडकतात. आज फक्त एक प्रकार बघू: अपवर्क या फ्रीलान्स कामाच्या साइटवरचा ठरलेल्या रकमेचा करार, म्हणजे फिक्स्ड प्राइस. तासावर चालणाऱ्या कामाचा हिशोब निराळा असतो, त्यात एस्क्रो नसतो.

एस्क्रो म्हणजे काय? क्लायंट पैसे आधी भरतो, पण ते आपल्याकडे येत नाहीत. मधे एका खात्यात थांबतात. क्लायंटला ते एकतर्फी परत काढता येत नाहीत आणि आपल्याला काम दिल्याशिवाय मिळत नाहीत. पूर्ण काम एकदम न ठेवता टप्पे पाडतात, त्याला माइलस्टोन म्हणतात. इथेच पहिली गडबड होते. करारात तीन माइलस्टोन दिसतात म्हणून तिन्हीचे पैसे भरलेत असं नसतं. सहसा फक्त पहिल्याचे भरलेले असतात.

[स्क्रीनवर: करारातली माइलस्टोनची यादी]

इथे बघा. चालू माइलस्टोनसमोर Active & Funded असं दिसतं. पुढच्या माइलस्टोनसमोर ते दिसत नसेल, तर त्या कामाची एक रेघही ओढू नका. क्लायंट म्हणेल, "तुम्ही सुरू करा, मी सोमवारी भरतो." सोमवारी भरल्यावर सुरू करा. न भरलेल्या माइलस्टोनवर केलेल्या कामासाठी एस्क्रोत मागायला काहीच नसतं, मग वाद तरी कशावर घालणार?

आता एक उदाहरण घेऊ, आकडे गृहीत धरलेले आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला राहणारी एक डिझायनर. परदेशातल्या क्लायंटसाठी जॅकार्ड टेरी टॉवेलची डिझाइनं करायची आहेत. एकूण ४५० डॉलर: पहिला माइलस्टोन स्केचचा, १०० डॉलर. दुसरा बाथ टॉवेलच्या मुख्य डिझाइनचा, २०० डॉलर. तिसरा हँड टॉवेल आणि बॉर्डरचा, १५० डॉलर. यातून अपवर्कचं शुल्क कापलं जातं. ते किती, हे प्रपोजल देतानाच दिसतं. १० टक्के धरलं तर २०० चे १८० हातात येतील.

दुसरा माइलस्टोन जवळून बघू, कारण सगळं यातच आहे. तिने वर्णनात नुसतं "टॉवेल डिझाइन" लिहिलं असतं तर पुढे कुणालाच काही सिद्ध करता आलं नसतं. तिने असं लिहिलं: बाथ टॉवेल, ७० बाय १४० सेंटीमीटर, एक डिझाइन, पाइलचे दोन रंग, क्लायंटने दिलेल्या हुकच्या संख्येप्रमाणे रुंदीला १२०० पिक्सेल, इंडेक्स्ड रंगांची BMP फाइल, शिवाय बघण्यासाठी एक JPG, आणि दोन वेळा दुरुस्ती. बस. सात गोष्टी, आणि सगळ्या मोजता येण्यासारख्या. उद्या वाद झाला तर तो सोडवणाऱ्या माणसाला टेरीचं पाइल म्हणजे काय हे माहीत नसेल. पण दोन रंग ठरले होते आणि फाइलमध्ये दोन रंग आहेत, एवढं कुणालाही मोजता येतं.

डिझाइन तयार झालं. आता सगळ्यात जास्त पैसे जिथे अडकतात ती जागा. समजा, ती फाइल नुसती मेसेजमध्ये पाठवते, क्लायंट "थँक यू" म्हणतो, आणि ती वाट बघत बसते. महिना गेला तरी पैसे येत नाहीत. कारण मेसेजमध्ये फाइल पाठवणं म्हणजे काम सादर करणं नव्हे. कराराच्या पानावर Submit work for payment असं बटण असतं. ते दाबून, फाइल जोडून, दोन ओळी लिहून पाठवलं की क्लायंटसाठी १४ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. त्या १४ दिवसांत क्लायंटने काहीच केलं नाही तर पैसे आपोआप सुटतात. मेसेजमध्ये शंभर फाइली पाठवल्या तरी हे घड्याळ सुरू होत नाही.

आपल्या डिझायनरने मात्र २ डिसेंबरला हे बटण दाबलं. मुदत १६ डिसेंबरपर्यंत. १० तारखेला क्लायंटने बदल मागितले: फुलं थोडी मोठी हवीत. बदल मागितल्याबरोबर घड्याळ थांबतं. आठ दिवस झाले होते म्हणून आता सहाच उरले, असं होत नाही. ती १४ तारखेला दुरुस्त फाइल पुन्हा त्याच बटणाने सादर करते आणि नवे १४ दिवस सुरू होतात, २८ डिसेंबरपर्यंत. इथे लोक दुसऱ्यांदा चुकतात: पहिल्या वेळी बटण दाबलेलं असतं, दुरुस्ती मात्र घाईत मेसेजमध्ये जाते. घड्याळ थांबलेलंच राहतं.

क्लायंट नाताळच्या सुट्टीत गेला, काही बोलला नाही. २८ तारखेला पैसे सुटले. लगेच बँकेत आले का? नाही. त्यावर ५ दिवसांचा सुरक्षेचा थांबा असतो. म्हणजे २ जानेवारीला ती पैसे काढू शकते. २ डिसेंबरला दिलेल्या कामाचे पैसे २ जानेवारीला. घराचा हप्ता किंवा लूमच्या भाड्याची तारीख ठरवताना हा महिना धरूनच चाला.

आता तिसरा माइलस्टोन. पैसे भरलेले आहेत, तिने ५ जानेवारीला काम सादर केलं. ११ तारखेला क्लायंट म्हणतो, "मला तिसरा रंग पण हवा होता," आणि करार बंद करून एस्क्रोतले १५० डॉलर परत मागतो. आता दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि ते तिच्या विरुद्ध चालतं. उत्तर द्यायला तिला ७ दिवस मिळतात. गप्प राहिली तर पैसे आपोआप क्लायंटकडे परत जातात.

सोलापूरकरांनी तारखा लक्षात घ्या. ११ ते १८ जानेवारी म्हणजे ऐन गड्डा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावर गर्दी, घरी पाहुणे. मेल बघायचं राहून जातं आणि १८ तारीख उलटते. म्हणून अपवर्कचे मेल फोनवर आवाजासह येतील असं ठेवा, आणि मोठा सण असेल तेव्हा रोज एकदा कराराचं पान उघडा. मुदत शेवटच्या संध्याकाळपर्यंत ताणू नका, तिथली वेळ आपल्या वेळेप्रमाणे चालत नाही.

त्या मेलमधून तिला दोन वाटा असतात: परतावा मान्य करायचा किंवा वाद नोंदवायचा. एक गोष्ट कळकळीने सांगतो: चिडून स्वतः करार बंद करू नका. एस्क्रोत पैसे असताना फ्रीलान्सरने करार बंद केला तर ते पैसे क्लायंटकडे परत जातात. "मला हा माणूसच नको" म्हणून दाबलेलं बटण १५० डॉलरला पडतं.

ती वाद नोंदवते. तिथून एक मध्यस्थ येतो. तो निकाल देत नाही. तो करार, माइलस्टोनचं वर्णन, सादर केलेल्या फाइली आणि अपवर्कवरचे मेसेज बघतो आणि दोघांना एक तोडगा सुचवतो. तो मान्य करण्याची सक्ती नसते. व्हॉट्सअॅपवरच्या गप्पा इथे फारशा कामाला येत नाहीत, कारण त्या अपवर्कच्या नोंदीत नसतात. म्हणून फोनवर काही ठरलं तर लगेच अपवर्कच्या मेसेजमध्ये लिहा: "आत्ता बोलल्याप्रमाणे बॉर्डर चार सेंटीमीटर ठेवते."

मध्यस्थाला काय लिहायचं? "मी रात्रंदिवस मेहनत केली" हे खरं असेल, पण त्याने काही ठरत नाही. असं लिहा: तिसऱ्या माइलस्टोनच्या वर्णनात पाइलचे दोन रंग आहेत. ५ जानेवारीला सादर केलेल्या फाइलमध्ये दोन रंग आहेत. तिसऱ्या रंगाची मागणी पहिल्यांदा ११ जानेवारीला आली. तिसरा रंग घ्यायचा तर डिझाइन नव्याने मांडावं लागतं, ते वेगळ्या माइलस्टोनचं काम आहे. चार वाक्यं, चार पुरावे. मध्यस्थाचा निरोप आला की दिलेल्या मुदतीत उत्तर द्या. गप्प बसणाऱ्याचं नुकसान होतं.

तोडगा मान्य झाला नाही तर पुढची पायरी लवादाची. तिथला निकाल दोघांवर बंधनकारक असतो, पण त्याचं शुल्क दोन्ही बाजूंना भरावं लागतं. एकाने भरलं आणि दुसऱ्याने नाही, तर पैसे भरणाऱ्याकडे जातात. हे शुल्क बरीच वर्षं प्रत्येकी २९१ डॉलर होतं. भरण्याआधी त्या दिवशीचा आकडा बघा. आता हिशोब करा. १५० डॉलरसाठी २९१ भरायचे का? माझ्या मते नाही. म्हणजे लहान कामात मध्यस्थाचा टप्पा हाच खरा शेवटचा टप्पा. तिथे आधीच ठरवून जा: पूर्ण १५० मागायचे, पण १०० ते ११० ला तडजोड झाली तर घ्यायची. मोठी कामं, हजार दोन हजार डॉलरची, तिथे हा हिशोब बदलतो. लवादाची धमकी कोण खरी करू शकतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. माइलस्टोन लहान ठेवा असं सगळे सांगतात, ते बरोबरच आहे, कारण एका वेळी कमी पैसे अडकतात. पण फार लहान ठेवले तर प्रत्येक वादात लवाद परवडेनासा होतो, तेही लक्षात ठेवा.

आणि दुसऱ्या माइलस्टोनचे ते २०० डॉलर, जे तिने २ जानेवारीला काढले? ते २८ डिसेंबरला सुटले होते. सुटल्यापासून ३० दिवसांच्या आत क्लायंट त्यावरही वाद नोंदवू शकतो. म्हणजे २७ जानेवारीपर्यंत मूळ BMP, दोन्ही वेळच्या सादर केलेल्या फाइली आणि फुलं मोठी करायला सांगितलेला तो मेसेज, यातलं काहीही लॅपटॉपवरून उडवायचं नाही.