पायपंप की दोरीपंप? आधी विहिरीत दोर सोडा

पायपंप चांगला की दोरीपंप, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर पंपात नाही, विहिरीत आहे. दोराला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. पण ती सकाळच्या भरल्या विहिरीत मोजू नका. उन्हाळ्याच्या अखेरीस, तासभर उपसा झाल्यावर पाणी जिथं खाली जाऊन टेकतं, तीच खोली धरा.

पायपंपात माणूस दोन पावड्यांवर उभा राहून आळीपाळीनं वजन टाकतो. एक दट्ट्या खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो. सिलिंडर जमिनीवर असतं आणि पाणी पाइपातून ओढून घेतलं जातं. खरं तर पाणी वर ढकलते ती हवा. तिचा दाब समुद्रसपाटीला जेमतेम दहा मीटरचा पाण्याचा स्तंभ पेलतो. गळती आणि घर्षण वजा केलं की व्यवहारात सात मीटर उरतात. हजार मीटर उंचीच्या गावात त्यातूनही सुमारे एक मीटर कमी होतो. त्याखालचं पाणी पाय कितीही मारले तरी चढत नाही.

दोरीपंपाला ही मर्यादा नाही, कारण तो पाणी ओढत नाही, उचलतो. बिनटोकाची दोरी पाण्यात उतरते आणि उभ्या पाइपातून वर येते. तिच्यावर साधारण मीटरभर अंतरानं रबरी किंवा प्लास्टिकच्या चकत्या असतात आणि प्रत्येक चकती आपल्या डोक्यावरचं पाणी घेऊन चढते. वर हँडलचं चाक, खाली दोरी वळवणारा गुळगुळीत ठोकळा, एवढाच हा पंप.

आता हिशेब करू. हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे भाजीला रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचं, तर 5,000 लिटर लागतात. पाणी 4 मीटरवर आहे. पायांनी दीर्घकाळ 75 वॅट शक्ती देता येते असं धरू. त्यातली निम्मी पाण्यापर्यंत पोचली, तर दीड तासात काम होतं. हातानं चाक फिरवताना 50 वॅट धरू. दोरीपंपात त्यातली साठ टक्के पोचली, तर पावणेदोन-दोन तास लागतात. फरक फार नाही, पण हात आणि खांदे पायांपेक्षा लवकर भरून येतात. रोजच्या शिंपणाला उथळ पाण्यावर मी पायपंपच सुचवीन.

तेच पाणी 10 मीटरवर असेल तर पायपंप बाद होतो. दोरीपंप चालतो, पण त्याच 5,000 लिटरना साडेचार तास लागतात. तिथं एका माणसाच्या जोरावर दहा गुंठे धरू नका, अडीच गुंठे धरा.

दोरीपंपात सर्वाधिक चुकतं ते पाइपाच्या मापात. 4 मीटरला आतला व्यास 32 मिलिमीटर असेल तर पाइपातलं पाणी सव्वातीन किलो भरतं. 10 मीटरला 20 मिलिमीटर घेतला तरी वजन जवळपास तेवढंच येतं. हाच नियम ठेवा: खोली वाढली की पाइप बारीक करा, म्हणजे हँडल जड होणार नाही. जाड पाइप घातला की दहा मिनिटांत माणूस थांबतो आणि दोष पंपाला देतो.

चकती पाइपात अगदी घट्ट नको. ती घासेल आणि जड जाईल. सैल झाली तर पाणी कडेनं खाली सुटतं. ही गळती दर सेकंदाला जवळपास ठरावीक असते, म्हणून हळू फिरवलं तर पाणी वर येतच नाही. पंप नवा असताना पाणी तोंडाशी यायला हँडलचे किती फेरे लागतात ते भिंतीवर लिहून ठेवा. तोच वेग ठेवून फेरे बरेच वाढले की चकत्या झिजल्या असं समजा. चाक फिरतं पण दोरी जागीच राहते, तेव्हा दोरी ताणून सैल झालेली असते. ती कापून पुन्हा जोडा. पाइपाच्या खालच्या तोंडाची कड तापवून बाहेर वळवलेली हवी, नाहीतर ती चकत्या कापते. हँडल सोडल्यावर पाण्याच्या वजनानं ते उलटं फिरतं आणि मनगटावर बसतं. ते अडवणारा खटका नसेल तर पंप मुलांच्या हाती देऊ नका.

पायपंपाची दुखणी हवेची आणि वाळूची असतात. रात्रभर ठेवल्यावर सकाळी पुन्हा पाणी ओतून भरावा लागत असेल, तर खालचा फूटव्हॉल्व्ह गळतो. बहुधा त्याच्या बैठकीत वाळूचा कण अडकलेला असतो. तोंडातून पाणी बुडबुड्यांसह, दुधाळ येत असेल तर सक्शन पाइपाच्या एखाद्या सांध्यातून हवा शिरते आहे. एकेका सांध्यावर ओली चिकणमाती थापत जा. ज्या सांध्यावर बुडबुडे थांबले, तिथंच फट आहे. पावडी नेहमीपेक्षा हलकी जाते आणि पाणी कमी पडतं, तेव्हा दट्ट्याचा वॉशर गेलेला असतो. चामड्याचा वॉशर पंप बंद राहिला की सुकून आक्रसतो. म्हणून नवीन टाकण्याआधी तो रात्रभर पाण्यात भिजवून पाहा, निम्म्या वेळा तोच पुन्हा धरतो.